२४८ पानांचा प्रबंध एका पानात: कांदाचाळीच्या कामाचं पान कसं लिहू?

मृण्मयी_निफाड (सोमवार, रात्री)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, कारण अडलंय.

माझा पीएच.डी.चा प्रबंध झाला. इंग्रजीत, २४८ पानं, विषय उन्हाळ कांद्याची साठवण. निफाड, चांदवड आणि येवला तालुक्यांतल्या २४ चाळी निवडल्या होत्या. १२ चाळींचा तळ जमिनीपासून उचललेला, खालून हवा येईल असा, आणि १२ साध्या, जमिनीवरच रचलेल्या. प्रत्येक चाळीत वजन केलेल्या जाळीच्या पिशव्या ठेवल्या आणि पाच महिने दर पंधरा दिवसांनी पुन्हा वजन केलं.

पुढचं काम करायला एक विश्वस्त संस्था पैसे देऊ शकते. त्यांनी प्रबंध मागितलाच नाही. "एक पान पाठवा, मराठीत, समितीला कळेल असं," एवढंच म्हणाले. समितीत कारखानदार आहेत, एक सीए आहेत, एक डॉक्टर आहेत. शेतीतलं कोणी नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

चार वेळा लिहिलं. दर वेळी अडीच पानं होतात आणि वाचताना मलाच झोप येते. सुरुवात अशी आहे:

"महाराष्ट्रातील कांदा उत्पादनात नाशिक जिल्ह्याचे महत्त्वाचे स्थान आहे. साठवणुकीदरम्यान होणाऱ्या नासाडीमुळे शेतकऱ्यांचे मोठ्या प्रमाणावर आर्थिक नुकसान होते. प्रस्तुत संशोधनात पारंपरिक व सुधारित चाळींचा तुलनात्मक अभ्यास करण्यात आला. तळाला हवा खेळती ठेवलेल्या चाळींत साठवण नासाडी ३२ टक्क्यांनी कमी आढळली व हा फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय होता."

कुठे चुकतंय?

---

सदाशिवसर_गंगापूररोड

अभिनंदन मृण्मयी. यात एवढं अवघड काय आहे? प्रबंधाला तीनशे शब्दांचा गोषवारा असतोच. त्याचं मराठी करायचं, संदर्भ काढून टाकायचे, झालं एक पान. मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना हेच सांगत आलो. पार्श्वभूमी, उद्दिष्टं, पद्धत, निष्कर्ष हा क्रम मात्र सोडू नकोस. अभ्यासाची शिस्त त्यातूनच दिसते.

---

वेताळ_पंचवटी

सिनॉप्सिस म्हणताय ना? तो प्रबंध जमा करायच्या आधी द्यायचा असतो. आता देऊन काय उपयोग? विद्यापीठाच्या विभागात विचारा, नमुना मिळेल.

---

मृण्मयी_निफाड

@वेताळ, सिनॉप्सिस नाही हो, तो केव्हाच दिला. हे पान विद्यापीठासाठी नाही, पैसे देणाऱ्यांसाठी आहे.

@सर, पहिला मसुदा गोषवाऱ्यावरूनच केला होता. एका विश्वस्तांच्या ओळखीच्या बाईंना दाखवला. त्यांनी वाचून विचारलं, "छान आहे, पण आम्ही करायचं काय?"

---

गोदाकाठ

त्या बाईंना चहा पाजा, त्यांनी तुमचं अर्धं काम केलंय.

सातपूरच्या एका कंपनीत सामाजिक निधीच्या कामावर मी अकरा वर्षं होतो. असली पानं वाचून समितीपुढे ठेवणं हेच माझं काम, म्हणून टेबलाच्या पलीकडून सांगतो. एका बैठकीत पंधरा-वीस पानं असायची. मी एका पानावर दीड-दोन मिनिटं द्यायचो आणि समिती त्याहून कमी. सोबत जोडलेलं काही बैठकीपर्यंत पोचायचंच नाही. पान सुटं व्हायचं, त्याची झेरॉक्स निघायची, कोणीतरी मोबाइलवर फोटो पाठवायचं. म्हणून ते एकट्याने उभं राहायला हवं. तालुका, तुमचं नाव, फोन, किती पैसे, कशासाठी, सगळं त्याच पानावर.

सर म्हणतात तो क्रम परीक्षकासाठी बरोबर आहे. तुम्ही काम नीट केलंत की नाही हे परीक्षकाला बघायचं असतं, म्हणून तो पायरी-पायरीने चालतो. समितीला ठरवायचं असतं पैसे द्यायचे की नाही. त्यांना शेवट आधी लागतो. नाशिक जिल्ह्यात कांदा पिकतो हे नाशिकच्या कारखानदाराला सांगून पहिली ओळ वाया घालवू नका.

आधी एवढंच सांगा: त्यांनी "हो" म्हटलं तर सोमवारी सकाळी नेमकं काय सुरू होईल?

---

मृण्मयी_निफाड

६० जुन्या चाळींचा तळ बदलायचा. जमिनीवरचा कांदा उचलून फळ्यांच्या किंवा बांबूच्या तळावर घ्यायचा, खालून हवा जाईल असा. एका २० टनी चाळीला साधारण ४५,००० रुपये. म्हणजे २७ लाख. शिवाय दोन हंगाम वजनं घ्यायला दोन मुलं, काटे आणि गाडीखर्च मिळून ६ लाख. एकूण ३३ लाख.

हे माझ्या पानावर कुठेच नाही, हे आता लिहिताना लक्षात आलं.

---

द्राक्षबाग_पिंपळगाव

माझापण अनुभव सांगतो. बागेवर प्लास्टिक आच्छादनासाठी आम्ही गटातर्फे एका संस्थेला असंच पान दिलं होतं. पान एकदम भारी, रंगीत फोटो, सगळं. तरी नाकारलं. कारण सांगितलं नाही. माझं मत विचाराल तर ओळख लागते, पान कसं का असेना.

---

गोदाकाठ

ओळखीने पान टेबलावर येतं, हे खरं आहे. पुढचं काम पानच करतं. तुमच्या पानावर रक्कम होती का हो?

---

द्राक्षबाग_पिंपळगाव

"आवश्यकतेनुसार" लिहिलं होतं.

---

गोदाकाठ

बरं.

मृण्मयीताई, आता तुमच्या ३२ टक्क्यांकडे येतो. तुमच्या पानातला सगळ्यात मोठा धोका मला तिथे दिसतोय. साध्या चाळीत किती गेला आणि उचललेल्या तळाच्या चाळीत किती गेला, हे दर १०० किलोमागे सांगा.

---

मृण्मयी_निफाड

साध्या चाळीत पाच महिन्यांत १०० किलोचे ६६ उरले, ३४ गेले. उचललेल्या तळाच्या चाळीत २३ गेले. फरक ११. ११ भागिले ३४ म्हणजे ३२ टक्के.

---

गोदाकाठ

गणित चूक नाही. पण सीए साहेब "नासाडी ३२ टक्क्यांनी कमी" वाचतील आणि डोक्यात धरतील की १०० क्विंटलमागे ३२ क्विंटल जादा हाती येतो. वाचतात तर ११. पुढे कोणी प्रश्न विचारला आणि तुम्ही ११ म्हणालात की चेहरे पडतील. तुम्ही खोटं बोलला नसलात तरी तसंच वाटेल. टक्क्याचा टक्का त्या पानावर नकोच. "१०० क्विंटल ठेवले तर साध्या चाळीत ६६ उरतात, या चाळीत ७७" असं लिहा. यात चुकीचं वाचायला जागाच नाही.

---

कांदेवाला_चांदवड

मध्येच बोलतो, माफ करा. ताई, ३४ किलोची "नासाडी" म्हणताय ते मला पटत नाही. त्यात निम्मी तर घट असणार, पाणी उडून जाणारं. ती कोणाच्याही चाळीत होते. एप्रिलमध्ये भरलेला कांदा सप्टेंबरला हलका होणारच, त्याला आम्ही नासाडी म्हणत नाही. नासाडी म्हणजे सड आणि कोंब. शहरातला माणूस तुमचं वाचून म्हणेल, शेतकऱ्याचा तिसरा हिस्सा कांदा सडतो.

दुसरं. ज्याने पैसे घालून तळ उचललाय तो माणूस कांदा पण नीट सुकवूनच भरतो. काढल्यावर पातीसकट शेतात, मग मान कापून सावलीत. ज्याला घाई आहे तो ओल्या मानेचा कांदा थेट चाळीत टाकतो, तो सडतो. मग फरक चाळीचा की माणसाचा?

---

मृण्मयी_निफाड

दादा, हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला होता, अगदी हाच.

पहिलं बरोबर आहे. ३४ मध्ये १८ घट, ११ सड, ५ कोंब. प्रबंधात तिन्ही वेगळे आहेत, पानावर मी एकत्र करून "नासाडी" म्हटलं. चुकलंच.

दुसरंही बरोबर आहे. उचललेल्या तळाच्या शेतकऱ्यांनी सरासरी चार दिवस जास्त सुकवला होता. म्हणून प्रबंधात सुकवण्याचे दिवस धरून पुन्हा हिशेब केला, म्हणजे सारखेच दिवस सुकवलेल्या कांद्यांची तुलना. मग फरक ११ वरून ९ वर येतो. ९५ टक्के विश्वासाने ५ ते १३ च्या दरम्यान.

---

गोदाकाठ

थांबा. मग ७७ लिहायचं नाही. मीच वर चुकीचं सुचवलं.

पानावर ६६ आणि ७७ लिहिलंत आणि दोन ओळींनी ९ म्हणालात, तर डॉक्टर पहिल्यांदा ७७ मधून ६६ वजा करतील. दोन आकडे जुळत नाहीत असं दिसलं की पुढचं कोणी वाचत नाही. असली पानं मी स्वतः बाजूला ठेवलेली आहेत. प्रबंधात कच्चा फरक आणि दुरुस्त केलेला फरक दोन्ही लागतात, कारण परीक्षकाला दुरुस्ती बघायची असते. इथे एकच ठेवा, तो ९. आणि तो ९ का, ते एका वाक्यात सांगा.

---

सदाशिवसर_गंगापूररोड

इथे मात्र मला हरकत घ्यायची आहे. ५ ते १३ हा पल्ला काढता येणार नाही. तो काढलास तर ९ हा आकडा देवाने दिल्यासारखा दिसतो. आणि "सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय" हे शब्दही राहिले पाहिजेत. ते नसतील तर हे संशोधन आहे हे कसं कळणार?

---

गोदाकाठ

सर, पहिल्याला शंभर टक्के सहमत. पल्ला राहू दे, तोच खरा मुद्दा आहे. दुसऱ्याला असहमत. "लक्षणीय" म्हटलं की मराठीत माणूस "मोठा" असं वाचतो. तुम्हाला म्हणायचं असतं "योगायोगाने आलेला वाटत नाही". ९ मोठा की छोटा हे त्या शब्दातून कळतच नाही. "फरक कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १३ क्विंटल असावा" म्हटलं की शून्य त्यात नाही, हे सीएला आपोआप दिसतं.

---

सदाशिवसर_गंगापूररोड

"कमीत कमी" नको. त्या पल्ल्याबाहेरही खरा फरक असू शकतो, म्हणून तर ९५. "बहुधा ५ ते १३ च्या दरम्यान" म्हण.

लक्षणीय शब्दाबद्दल विचार करतो.

---

गोदाकाठ

हे बरोबर. "बहुधा" घ्या.

---

निळी_शाई_रविवारकारंजा

मी टायपिंग-डीटीपीचं काम करते, प्रबंध आणि अहवाल रोजचेच. वरच्या आकड्यांत मला गती नाही, पण पानाबद्दल दोन गोष्टी.

एक पान म्हणजे किती, हे आधीच ठरवा. ए-४, चारी बाजूंना एक इंच समास, १२ चा फाँट, मराठीत ओळींमध्ये वेलांट्या-उकार एकमेकांत अडकू नयेत एवढी जागा. असं धरलं तर माझ्या अनुभवात साडेतीनशे शब्दांच्या आसपास बसतात, छोटा तक्ता असेल तर तीनशेच. इंग्रजीच्या हिशेबाने पाचशे शब्द लिहून आणतात आणि मग म्हणतात, ताई, फाँट ९ चा करा. विश्वस्त साठीच्या पुढचे असतात हो! चष्मा काढून पान लांब धरतात आणि खाली ठेवतात.

आणि युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमध्ये केलेली वर्डची फाइल पुढच्याच्या संगणकावर तो फाँट नसेल तर अगम्य दिसते. युनिकोड असलं तरी पाठवताना पीडीएफच पाठवा आणि आधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा.

---

मृण्मयी_निफाड

साडेतीनशे शब्द! माझी पाच उद्दिष्टं लिहूनच दोनशे होतात. चाळींचे प्रकार, घट-सड मोजणी, तापमान-आर्द्रता, खर्चाचा हिशेब, आणि निवडणीला येणाऱ्या बायांच्या कामाचे तास. तापमान-आर्द्रतेवर तर माझं दीड वर्ष गेलंय. दर तासाची नोंद आहे, ६४ पानांचं प्रकरण आहे. त्याचं काय करू?

---

गोदाकाठ

प्रत्येक प्रकरणाला एकच प्रश्न विचारा. हे पानावर नसेल तर त्यांचा "हो" चा "नाही" होईल का, किंवा "नाही" चा "हो"?

तापमानाचं प्रकरण "का" सांगतं. समितीला "का" एवढंच लागतं: जमिनीवरच्या ढिगात खालचा कांदा ओलसर राहतो, तिथूनच सड सुरू होते. अर्धं वाक्य झालं. वाईट वाटतं, पण दीड वर्ष त्या अर्ध्या वाक्याला खरं ठरवण्यात गेलं. बायांच्या कामाचे तास हा वेगळा अर्ज आहे, दुसऱ्या संस्थेला. इथे घुसवलात तर दोन्ही अर्धवट राहतील.

खर्चाचा हिशेब मात्र राहणार. तोच सीएचा घास आहे.

---

मृण्मयी_निफाड

तो असा आहे. २० टनी चाळ म्हणजे २०० क्विंटल. १०० ला ९ प्रमाणे १८ क्विंटल जास्त वाचतो. विकतानाचा भाव १,५०० धरला तर २७,००० रुपये. खर्च ४५,०००. म्हणजे दुसऱ्या हंगामात पैसे सुटतात.

---

कांदेवाला_चांदवड

ताई, १,५०० कोणी दिले तर. 😀 भाव कुठे जाईल आणि निर्यात कधी बंद होईल ते लासलगावच्या व्यापाऱ्यालाही सांगता येत नाही. १,००० धरून बघा.

---

मृण्मयी_निफाड

१,००० ला १८ क्विंटलचे १८,०००. तिसऱ्या हंगामात सुटतात.

आणि पल्ल्यातलं खालचं टोक धरलं, म्हणजे १०० ला ५, तर १० क्विंटलचे १०,०००. पाचवा हंगाम उजाडतो. हे लिहू का? ३३ लाख कोण देईल मग?

---

गोदाकाठ

लिहा. एक ओळ. तुम्ही नाही लिहिलंत तर सीए बैठकीत तोंडी करून दाखवतील आणि तेव्हा तुम्ही तिथे नसाल. "भाव १,५०० असेल तर दुसऱ्या, १,००० असेल तर तिसऱ्या हंगामात खर्च भरून निघतो; फायदा आमच्या अंदाजाच्या खालच्या टोकाला असेल आणि भावही १,००० असेल तर पाचव्या हंगामात." वाचणारा म्हणतो, हिने वाईट बाजू स्वतः मोजलीय.

अजून एक प्रश्न शंभर टक्के येणार. "कांदाचाळीला सरकारी अनुदान आहे ना, मग आमचे पैसे कशाला?"

---

मृण्मयी_निफाड

माझ्या २४ शेतकऱ्यांपैकी ज्यांना अनुदान मिळालं त्या सगळ्यांना नवी चाळ बांधायला मिळालं. जुन्या चाळीचा तळ बदलायला एकालाही नाही. हे माझ्या मुलाखतींत आहे, परिशिष्टात.

---

गोदाकाठ

परिशिष्टातून काढा, पानावर घ्या. असं होतंच. विद्यापीठाला जे किरकोळ वाटतं ते इथे कळीचं ठरतं.

---

मृण्मयी_निफाड (बुधवार)

रात्री दोनपर्यंत बसले. हे बघा. शीर्षकासकट तीनशेच्या आतच आहे. नाव-फोन इथे टाकत नाही.

"६० जुन्या कांदाचाळींचा तळ उचलण्यासाठी ३३ लाख रुपये, दोन हंगाम (निफाड, चांदवड, येवला)

उन्हाळ कांदा पाच महिने साध्या चाळीत ठेवला, तर भरलेल्या १०० क्विंटलमधले सुमारे ३४ क्विंटल विक्रीपर्यंत उरत नाहीत. त्यातले १८ क्विंटल म्हणजे सुकून कमी झालेलं वजन. ते पूर्ण टाळता येत नाही. उरलेले १६ सडतात किंवा त्यांना कोंब फुटतात.

चाळीचा तळ जमिनीपासून उचलून खालून हवा येऊ दिली, तर दर १०० क्विंटलमागे सुमारे ९ क्विंटल जास्त कांदा हाती राहतो (बहुधा ५ ते १३ च्या दरम्यान). जमिनीवरच्या ढिगात खालचा कांदा ओलसर राहून सड तिथून सुरू होते, ती यामुळे कमी होते.

हे कसं कळलं: तीन तालुक्यांतल्या २४ चाळींत (१२ साध्या, १२ उचललेल्या तळाच्या) वजन केलेल्या पिशव्या ठेवून पाच महिने दर पंधरा दिवसांनी वजन केलं. उचललेल्या तळाच्या शेतकऱ्यांनी कांदा जास्त दिवस सुकवला होता. त्याचा फायदा वजा करून ९ हा आकडा काढला आहे.

खर्च आणि परतावा: २० टनी चाळीला ४५,००० रुपये. चाळीमागे सुमारे १८ क्विंटल जास्त कांदा. विक्रीचा भाव क्विंटलला १,५०० असेल तर दुसऱ्या, १,००० असेल तर तिसऱ्या हंगामात खर्च भरून निघतो. फायदा अंदाजाच्या खालच्या टोकाला आणि भावही १,००० असेल तर पाचव्या हंगामात.

सरकारी अनुदान का पुरत नाही: आम्ही भेटलेल्या २४ शेतकऱ्यांपैकी ज्यांना अनुदान मिळालं त्यांना ते नव्या चाळीसाठी मिळालं; जुन्या चाळीच्या तळासाठी कोणालाही नाही.

अजून माहीत नसलेलं: ही मोजणी एकाच हंगामाची आहे. फार ओल्या पावसाळ्यात फरक वाढेल की कमी होईल हे सांगता येत नाही. म्हणून ३३ लाखांतले ६ लाख दोन हंगाम वजनं घेण्यासाठी आहेत. २७ लाख चाळींसाठी."

---

निळी_शाई_रविवारकारंजा

बसेल. शीर्षक दोन ओळींत जाईल, जाऊ द्या. फोटो टाकायचा मोह होईल, एकच टाका, तळाचा. नाहीतर नकोच.

---

कांदेवाला_चांदवड

आता पटलं. "सुकून कमी झालेलं वजन" हे बरं केलंत.

---

सदाशिवसर_गंगापूररोड

चांगलं झालंय, मान्य करतो. "लक्षणीय" शिवायही चालतंय. पण "अजून माहीत नसलेलं" हा परिच्छेद मला धोक्याचा वाटतो. स्वतःच्या कामाची उणीव अशी ठळक करून कोण देतं? प्रबंधात मर्यादांचं प्रकरण असतं, ते योग्य. एका पानावर ते उठून दिसतं.

---

गोदाकाठ

सर, माझ्या मते ती ओळ ६ लाखांना कारण देते. ती काढली तर ते वजनांचे पैसे उगाच वाटतात आणि पहिली कात्री तिथेच लागते. पण तुमचं म्हणणं चूक आहे असं नाही. "एकाच हंगामाची" वाचून "मग अजून एक हंगाम करा, नंतर या" म्हणणारी समितीही मी पाहिली आहे. दोन्ही होतं.

---

मृण्मयी_निफाड

ठेवते. माझ्या मार्गदर्शकांनाही सरांसारखंच वाटतं. शिवाय शोधनिबंध छापून यायच्या आधी आकडे बाहेर देऊ नयेत असं त्यांचं म्हणणं. ते काय करावं कळत नाही. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना वाचता येईल असा, जाणारच आहे ना?

---

सदाशिवसर_गंगापूररोड

नियतकालिकानियतकालिकांत फरक असतो. ज्याला पाठवणार आहेस त्याच्या संपादकांना एक ईमेल कर. इथे विचारून उपयोग नाही.

---

वेताळ_पंचवटी

मला अजूनही वाटतं सिनॉप्सिस जोडून टाका सोबत. असला तर बरा.

---

मृण्मयी_निफाड (अकरा दिवसांनी)

अपडेट. बैठक झाली. मला पाच मिनिटांसाठी बोलावलं होतं. डॉक्टरांनी ३४ मधून १६ वजा केले, माझ्यासमोर, पेन्सिलने. १८ आले, खूश झाले. सीएंनी पाचव्या हंगामाच्या ओळीखाली रेघ मारली होती, पण त्यावर काही विचारलं नाही.

कारखानदार काकांनी एकच विचारलं: "या ६० चाळी कुणाच्या, हे कोण ठरवणार?" पानावर नव्हतं. मी म्हणाले ग्रामपंचायतीकडून यादी घेऊ. ते हसले आणि म्हणाले, "मग सरपंचाच्या भावाची पहिली." निवडीची पद्धत लिहून पुढच्या महिन्यात पुन्हा या म्हणालेत. तेही अर्ध्या पानात.

---

गोदाकाठ

हे मलाही सुचलं नव्हतं. चिठ्ठ्या टाका, उघडपणे, गावात. निम्म्यांचा तळ पहिल्या हंगामात बदला, उरलेल्या निम्म्यांचा दुसऱ्या. म्हणजे पहिल्या वर्षी तुलनेला साध्या चाळी आपोआप मिळतात आणि "माणूस चांगला की चाळ" हा दादांचा प्रश्नही बराचसा मिटतो. सर, बरोबर ना?

---

सदाशिवसर_गंगापूररोड

बरोबर. हे प्रबंधातच असायला हवं होतं.

---

कांदेवाला_चांदवड

चिठ्ठीत माझं नाव टाका ताई. पण पहिल्या निम्म्यात आलं पाहिजे.